पत्रिकेच्या आड न लपता नकार

‘ताई, मी 27 वर्षांची आहे, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. महालक्ष्म्यांचं विसर्जन झाल्यावरच्या रविवारी आमच्याकडे पाहण्याचा कार्यक्रम झाला. स्थळ अमरावतीचं, माझ्या सख्ख्या आत्याने आणलेलं. मुलगा चांगला आहे, माणसं साधी आहेत. आम्ही दोघं गच्चीवर अर्धा तास बोललो. पण मला त्याच्याशी लग्न करावंसं वाटत नाही, आणि का ते सांगता येत नाही. त्यांचा होकार दुसऱ्याच दिवशी आला. निघताना त्याच्या आईने माझी ओटी भरली होती, म्हणून आई म्हणते, आता नाही कसं म्हणायचं? बाबा म्हणतात, पितृपक्ष संपू दे, मग पत्रिका जुळत नाही असं कळवू, कोणी दुखावणार नाही. आत्याचा आणि त्या लोकांचा जुना घरोबा आहे. मुलाने काल “कशी आहेस?” असा मेसेज केलाय, मी अजून उत्तर दिलेलं नाही. कोणालाही न दुखावता यातून बाहेर कसं पडू?’
– एक वाचक, नागपूर

आधी ओटीचं बोलू, कारण तुझ्या आईच्या मनात तीच अडकली आहे. पाहायला आलेल्या बाईने निघताना मुलीला कुंकू लावून ओटीत नारळ आणि ब्लाऊजपीस घालणं, किंवा हातावर पाकीट ठेवणं, हे आपल्याकडे बऱ्याच घरांत रिवाजाने होतं. मुलगी पसंत असो वा नसो, तिच्या घरचं खाल्लं, तिला रिकाम्या हाती ठेवून जाऊ नये, एवढाच त्यामागचा भाव. लग्न ठरतं ते दोन्हीकडची माणसं बैठकीला बसून बोलतात तेव्हा, आणि चारचौघांत ठरल्याची खूण म्हणजे साक्षगंध. त्याच्या आईने ओटी पसंतीच्या आनंदाने भरली असेल, असेलही. पण ती त्यांची पसंती झाली. तुझ्या पदरात नारळ पडला म्हणून तुझी पसंती त्यात आली असं होत नाही, आणि हे त्या माउलीलाही ठाऊक आहे. नाहीतर दुसऱ्या दिवशी होकार कळवून तुमच्या उत्तराची वाट कशाला पाहिली असती?

नारळ, ब्लाऊजपीस, पन्नास-शंभराचं पाकीट परत पाठवू नका. ते परत पाठवणं हा खरा अपमान होईल. साडी दिली असेल, सोन्याचं काही घातलं असेल किंवा रक्कम मोठी असेल, तर मात्र ते ठेवू नये. नकार कळवल्यावर दोन-चार दिवसांत आत्याच्या हाताने सन्मानाने पोचवावं.

आता तुझ्या ‘का ते सांगता येत नाही’ या वाक्याकडे येते. कारण सांगता आलं नाही तर नकाराला बळ नाही, असं तू धरून चालली आहेस. मला तसं वाटत नाही. मी वर्षानुवर्षं वधू-वर मेळाव्यांत नोंदणीच्या टेबलावर बसते. तिथे उंची, पगार, गाव, गोत्र अशी यादीभर कारणं घेऊन येणारी माणसं मी पाहते, आणि यादीतलं सगळं जुळूनही मन पुढे सरकत नाही अशीही पाहते. दुसऱ्या प्रकारचा नकार कमी खरा नसतो. फक्त तो पक्का आहे का, एवढं एकदा शांतपणे तपासून घे, कारण पहिल्या भेटीचा अर्धा तास तसा फसवाही असतो. खाली बैठकीत दोन्हीकडची आठ-दहा माणसं, आईचं लक्ष पोह्यांच्या बशांकडे, गच्चीवर तुम्ही दोघं आणि जिन्यात चुलत भाऊ. अशा वेळी भला माणूसही परीक्षेला बसल्यासारखा बोलतो.

तपासायचं असं. तुझ्या मनाला जे खटकतंय ते एखाद्या प्रश्नाच्या उत्तराने सुटण्यासारखं आहे का? लग्नानंतर मिहानची नोकरी सोडून अमरावतीला जावं लागेल का, हे तू विचारायचं राहून गेलं असेल आणि खटका तोच असेल, तर तो प्रश्न विचारण्यासाठी आणखी एकदा भेटणं प्रामाणिक आहे. पण त्याचं उत्तर अगदी तुझ्या मनासारखं आलं अशी कल्पना केलीस आणि तरीही ‘बरं झालं’ असं वाटलं नाही, तर भेटून काही उपयोग नाही. त्यांचा होकार आल्याचं कळलं तेव्हा तुला काय झालं, तेही आठवून बघ. छातीत गोळा आला असेल आणि ‘त्यांनीच नाही म्हटलं असतं तर सुटले असते’ असा विचार आला असेल, तर तुझा निर्णय झालेला आहे. राहिलं आहे ते फक्त सांगणं.

निर्णय झाला असेल तर केवळ भिडेखातर दुसऱ्या भेटीला जाऊ नकोस. ‘एकदा अजून भेट, मग नाही म्हण, म्हणजे बरं दिसेल’ असा सल्ला तुला मिळेल, आणि तो देणारी माणसं प्रेमाचीच असतील. समोरचं घर मात्र दुसऱ्या भेटीला अर्धा होकार समजतं. मुलगा रजा टाकतो, त्याची आई बहिणीला कळवते, मामाला फोन जातो. त्यानंतरचा नकार पहिल्या भेटीनंतरच्या नकाराहून कितीतरी पटीने लागतो.

आता पत्रिका. बाबांचा हेतू चांगला आहे, हे मला दिसतंय. दोष कोणाचाच नाही, ग्रहांचा आहे, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको, असा तो विचार. पिढ्यानपिढ्या हेच निमित्त चालत आलं, आणि चालत होतं तोवर ठीक होतं. आज ते का चालत नाही, ते नीट बघ.

आपल्याकडे क्रम असा असतो: आधी बायोडाटा येतो, मग पत्रिका पाहतात, ती जुळली तर पुढचं बोलणं आणि मग कार्यक्रम. म्हणजे तुमचे गुण पाहूनच ती माणसं दीडशेक किलोमीटरवरून निघाली असणार. शिवाय बायोडाट्यावर तुझी जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मठिकाण तिन्ही छापलेलं आहे. हे तीन तपशील मोबाईलमध्ये भरले की 36 पैकी किती गुण जुळतात ते मिनिटभरात समोर येतं. समजा 27 जुळतात. साधारणपणे 18 च्या वर असले की घरचे पुढे जातात. मग बाबांचा निरोप ऐकून त्या घरात पहिली गोष्ट काय होईल? त्याची बहीण तिथल्या तिथे मोबाईल काढेल, आणि आपल्याशी खोटं बोललं गेलं हे रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांना कळलेलं असेल.

समजा ते पकडलं गेलं नाही, लोकांनी विश्वास ठेवला. ते अधिक वाईट, असं माझं मत आहे. माझ्या माहितीतल्या एका घरी असंच झालं. मुलगा चांगला शिकलेला, मुलीला तो पसंत पडला नाही, मुलीच्या काकांनी कळवलं, ‘आमच्या गुरुजींना मंगळाची शंका आली.’ मुलाची आई त्याची पत्रिका घेऊन एकाकडे गेली, मग दुसऱ्याकडे. एक म्हणाले मंगळ आहे, एक म्हणाले सौम्य आहे. शांती करून घेतली, खर्च झाला. तोवर ‘त्यांच्या मुलाला मंगळ आहे म्हणे’ ही गोष्ट मध्यस्थांकडून पुढे गेलेली होती. नंतर येणाऱ्या स्थळांचा पहिला प्रश्न मंगळाचाच असायचा, आणि मंगळ नसलेल्या मुलींची घरं फोनवरच थांबायची. त्या काकांना कोणाचं वाईट करायचं नव्हतं. त्यांनी फक्त आपल्या मुलीची सुटका ग्रहांवर सोपवली, आणि तो भार एका परक्या मुलाच्या बायोडाट्यावर जाऊन बसला.

तिसरी गोष्ट मध्यस्थी करणारे सगळेच ओळखतात, पण बोलत नाहीत. कारण दिलं की त्यावर उपाय येतो. पत्रिका म्हणाल तर परिहार निघतो. नाडीचे 8 गुण गेले असतील, तर राशी एक पण नक्षत्रं वेगळी आहेत, मग एकनाडीचा दोष लागत नाही, असं सांगणारे गुरुजी अमरावतीतही आहेत आणि आपल्या नागपूरच्या महाल भागातही. ‘तिला पुढे शिकायचंय’ म्हणाल तर ‘लग्नानंतर शिकू देत, आमची हरकत नाही.’ ‘नोकरी नागपूरची आहे’ म्हणाल तर ‘तोच नागपूरला बदली मागेल.’ प्रत्येक कारणावर ती माणसं मनापासून मार्ग काढतील, कारण त्यांना तू हवी आहेस. आणि प्रत्येक मार्गानंतर तुला नवं कारण शोधावं लागेल. शेवटी नकार मिळेल तेव्हा त्यांच्या मनात राहील ते एवढंच, की आम्ही सगळं मान्य केलं तरी यांनी आम्हाला फिरवलं.

म्हणून कारण देऊच नका. ‘मुलीचं मन होत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. त्यात त्या मुलाचा दोष नाही, त्याच्या घराचा नाही, ग्रहांचाही नाही, आणि त्यावर कोणाकडे उपायही नाही. पूर्वी ‘मुलीचं मन होत नाही’ हे बापाला म्हणता येत नसे, मुलीला मन असतं हे कबूल करावं लागलं असतं. आज तुझे बाबा ते म्हणू शकतात. त्यांना जड जाईल, पण त्यांनी ते म्हणावं असं मला फार वाटतं.

आणि हे पितृपक्ष संपेपर्यंत लांबवायचं नाही. पितृपक्षात शुभकार्याचं बोलणं करत नाहीत, हे खरं. नकार हे शुभकार्य नाही, त्याला मुहूर्त लागत नाही. उलट उत्तर न मिळाल्याने तिकडे काय होतं ते बघ. त्यांनी होकार दिलाय म्हणजे रीतीप्रमाणे बाकीची स्थळं थांबवली असतील. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि चांगले लॉन, मंगल कार्यालयं त्याआधी कितीतरी महिने धरली जातात. त्यामुळे नवरात्रात घटस्थापना होईपर्यंत त्यांच्या घरात तारखांची चर्चा सुरू झालेली असेल. आजचा नकार एका रविवारच्या कार्यक्रमाला आहे. पंधरा दिवसांनी तोच नकार त्यांनी मनात मांडलेल्या लग्नाला असेल. एकच काळजी घ्या: त्यांच्या घरी ज्या तिथीला श्राद्ध असेल त्या दिवशी फोन करू नका. ती तिथी आत्याला माहीत असेल, नसेल तर ती सहज विचारून घेईल.

आता कोणाला आधी आणि कसं सांगायचं. हा क्रम चुकला की चांगले शब्दही वाया जातात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी घरात तिघांचं एकमत करा. तुझ्या आईने शेजारी एक सांगितलं, बाबांनी फोनवर दुसरं, असं व्हायला नको. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तू आणि बाबा, दोघं आत्याच्या घरी जा. फोनवर सांगू नका. तिने स्थळ आणलं, दोन्हीकडे शब्द टाकला, तिची पत पणाला लागली आहे, आणि तिला हे बाहेरून कळलं तर ती दुखावेल ती कायमची. आत्याला तूच सांग. असं काही म्हण: ‘आत्या, तू माझ्यासाठी चांगलं घर पाहिलंस, माणसं खरंच चांगली आहेत. पण मी खूप विचार केला, माझं मन होत नाही. त्यांना ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून तुझ्याकडे आधी आले.’

आत्या विचारणारच, ‘पण पोरात खोट काय दिसून राहिली तुला? काहून नाही म्हणतेस?’ इथे तुझी परीक्षा आहे. तिच्या समाधानासाठी एक छोटंसं कारण देऊन टाकावं असा मोह होईल. तो फार कमी बोलतो, त्याच्या आईचा आवाज जरा मोठा आहे, असलं काहीतरी. ते एक वाक्य आत्याच्या स्वयंपाकघरातून निघून अमरावतीला पोचायला दोन दिवसही लागत नाहीत, आणि पोचतं तेव्हा ‘तुमचा मुलगा मुका आहे म्हणाली’ असं होऊन पोचतं. आत्या मुद्दाम करत नाही. तिलाही तिकडे उत्तर द्यायचं असतं, हातात जे आहे ते ती देते. म्हणून तिच्या हातात काही ठेवू नकोस. ‘खोट काहीच नाही आत्या. त्याच्यात खोट असती तर सांगणं सोपं गेलं असतं.’ एवढंच म्हण आणि थांब. ती रागावली तर रागावू दे, त्या दिवशी समजूत घालत बसू नकोस. दोन-तीन दिवसांनी एकदा तिच्याकडे नुसती जाऊन ये, या विषयाशिवाय.

मुलाच्या घरी फोन बाबांनी करावा, थेट मुलाच्या वडिलांना, आणि आत्याला सांगून. बरेच लोक हे काम मध्यस्थावर ढकलतात. मध्यस्थाकडून पाठवलेल्या नकारात दोन धोके असतात: एक तर तो वाटेत मऊ होऊन ‘थोडं थांबा म्हणतात’ असा पोचतो, नाहीतर वाटेत मीठ-मसाला लागून. शिवाय जे आपल्या दारी येऊन बसले, त्यांना आपण स्वतः सांगावं, ही साधी मर्यादा आहे. संध्याकाळी जेवणाआधीची वेळ बरी. सकाळी ऑफिसच्या घाईत नको, रात्री उशिरा नको. व्हॉट्सअॅपवर तर नकोच. फोन दोन-तीन मिनिटांचा असावा. बाबांना असं बोलता येईल:

‘नमस्कार साहेब. तुम्ही सगळे एवढ्या लांबून आलात, आमच्या मुलीचा मान ठेवलात, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. तुमचा मुलगा गुणी आहे, घर चांगलं आहे. पण मुलीशी आम्ही नीट बोललो, तिचं मन होत नाही, आणि तिच्या मनाविरुद्ध आम्हाला पुढे जायचं नाही. तुम्ही आमच्यासाठी थांबू नये, म्हणून लगेच कळवतोय.’

या शब्दांत बाबांना फेरफार करायचा असेल तर जरूर करावा, त्यांच्या तोंडी बसेल असं असावं. दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. ‘सध्या’, ‘तूर्तास’, ‘या वर्षी तरी’ असले शब्द भिडेपोटी आपोआप तोंडात येतात, आणि त्यामुळे दार किलकिलं राहतं. ती माणसं पुढच्या वर्षी पुन्हा फोन करतील, आणि चूक त्यांची नसेल. दुसरं म्हणजे स्तुती प्रमाणाबाहेर नको. ‘असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही’ असं म्हणून नकार दिला की समोरचा म्हणणारच, मग नाही कशाला म्हणता?

तिकडून बहुधा त्याच्या आईचा प्रश्न येईल, ‘आमचं काही चुकलं का?’ या प्रश्नाला उशीर न लावता उत्तर द्यावं, कारण खरी जखम इथेच होते किंवा टळते. ‘नाही वहिनी, तुमचं काहीच चुकलं नाही. तुमच्याबद्दल आमच्या घरात कोणी वावगं बोललेलं नाही.’ आणि हे वाक्य खरं ठेवायची जबाबदारी मग तुमच्या घरावर येते. पाहुणे गेल्यावर घरोघरी जो हिशेब चालतो, कोणी किती खाल्लं, कोणाची साडी कशी होती, तो तुमच्या घरी झाला असेल तर आता थांबवा. चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर त्या मुलाचा फोटो गेला असेल तर काढायला सांग. तो तिथे कोणाच्या तरी शेऱ्याखाली राहावा, हे बरोबर नाही.

राहिला त्याचा मेसेज. कालपासून तो निळ्या खुणांकडे बघत असेल, म्हणून आजच एक ओळ पाठव: ‘मी ठीक आहे. घरी बोलणं चालू आहे, दोन दिवसांत नक्की कळवते.’ याच्या पुढे गप्पा नकोत. गप्पा सुरू झाल्या की त्याला आशा वाटेल आणि तुला संकोच. मग बाबांचा फोन झाला की त्याच संध्याकाळी, तासा-दोन तासांत, तू स्वतः त्याला लिही. आधी नाही, कारण मग घरच्यांना सांगायचं ओझं त्याच्यावर पडतं. फार नंतरही नाही, कारण ज्याच्याशी गच्चीवर बोललीस त्याला ते फक्त वडिलांच्या तोंडून कळावं, हे तुलाच पुढे खटकेल. मी असं लिहिलं असतं:

‘बाबांनी तुमच्या घरी फोन केला आहे, तरी तुम्हाला मी स्वतः सांगावं असं वाटलं. त्या दिवशी तुम्ही मोकळेपणाने बोललात, त्याबद्दल आभार. मी विचार केला, पण लग्नासाठी माझं मन होत नाही. यात तुमचं काही कमी-जास्त नाही. तुम्हाला मनासारखी साथ मिळो.’

तो ‘कारण तरी सांग’ म्हणाला तर एकदाच लिही, ‘सांगण्यासारखं वेगळं कारण नाही, जे आहे ते मी लिहिलंय.’ त्यानंतर उत्तर देत बसू नकोस. ‘आपण मैत्री ठेवू’ असं स्वतःहून लिहू नकोस. ते सांत्वन म्हणून लिहिलं जातं, आणि वाचणाऱ्याला त्यात वाट दिसते. लगेच ब्लॉकही करू नकोस. त्याने सभ्यपणे ‘ठीक आहे’ म्हटलं तर तिथे संपलं. तो चिडून बोलला, वारंवार फोन करू लागला, तर मात्र एका शब्दाचंही उत्तर न देता बाबांना दाखव आणि बाबांनी त्याच्या वडिलांशी बोलावं.

पूर्वी नकाराबरोबर फोटो आणि पत्रिका परत पाठवायची रीत होती. पाकिटात घालून, मध्यस्थाच्या हाती किंवा टपालाने. मुलीचा फोटो दुसऱ्याच्या घरी पडून राहू नये, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. आता कागद परत करायचा नसला तरी तुमच्या तिघांच्या मोबाईलमधून त्याचा बायोडाटा, फोटो, पत्रिका काढून टाका, आणि बाबांनी फोनवरच म्हणावं, ‘आम्ही तुमच्या मुलाची माहिती काढून टाकली आहे, आमच्या मुलीचीही तुम्ही काढून टाकावी ही विनंती.’ बायोडाट्यावर घरचा पत्ता, नंबर, पगार, भावंडांची नावं सगळं असतं. ‘आमच्याकडे जमलं नाही, तुमच्याकडे बघा’ म्हणून तो कागद पुढे पाठवायचा असेल तर आधी त्या घराला विचारावं.

हे सगळं मुलांच्या घरांनीही वाचावं म्हणून इथे एक जोडते. मेळाव्यात माझ्याकडे ज्या तक्रारी येतात त्यात नकारापेक्षा न आलेल्या उत्तराच्या जास्त असतात. ‘कळवतो’ म्हणून गेलेली माणसं महिना-महिना कळवत नाहीत, मुलीचे वडील फोन करायला कचरतात, आणि एक दिवस तिसऱ्याकडून कळतं की त्या मुलाचं साक्षगंध झालं. काही घरं नकार देतात तोही ‘रंग जरा’, ‘उंची जरा’ असा, तिच्या आईच्या कानावर पडेल असा. हे फार क्रूर आहे. तिच्या रंगाबद्दल, बांध्याबद्दल, वयाबद्दल एक अक्षर न काढता ‘मुलाचं मन होत नाही’ असं चार दिवसांच्या आत सांगता येतं. मुलीकडच्यांना सांगते तेच मुलाकडच्यांना.

बाबांना एका गोष्टीची भीती वाटत असेल, ती त्यांनी तुला सांगितली नसेल: बहिणीच्या ओळखीतली माणसं, उद्या कोणाच्या तरी लग्नात समोर येणार. येतीलच. तेव्हा लांबून तोंड चुकवू नका. बाबांनी पुढे होऊन नमस्कार करावा, तब्येतीची चौकशी करावी, आणि मुलाचं ठरलं का हे विचारू नये. सरळ उत्तर वेळेवर मिळालेली माणसं असा नमस्कार घेतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. पत्रिकेचं निमित्त सांगितलेल्यांना मात्र त्या मांडवात विषय बदलत बसावं लागतं.

आणि आत्या शांत झाली की तिला एक विनंती कर. पुढचं स्थळ येईल तेव्हा पहिली भेट घरात नको. पत्रिका, माहिती जे पाहायचं ते मोठ्यांनी पाहावं, मग तुम्ही दोघांनी धरमपेठेत कुठेतरी चहा-कॉफीला तासभर बसावं, किंवा फुटाळ्याला चक्कर मारावी. दोन्ही घरांनी त्या तासानंतर दोन दिवस कोणाला काही विचारू नये. दोघांचं मन झालं तरच पोहे, नारळ, ओटी. त्या टप्प्यावर ‘नाही’ म्हणायला एक मेसेज पुरतो, आणि कोणाला दीडशे किलोमीटर गाडी काढून यावं लागत नाही. आत्या सुरुवातीला म्हणेल, ‘आमच्यात असं नाही करत.’ तिला सांग, दोन्ही घरांना माहीत असून, त्यांच्या परवानगीनेच भेटायचं आहे. मध्यस्थ म्हणून तिचीच डोकेदुखी यात सगळ्यांत कमी होते, हे तिच्या लवकर लक्षात येईल.